गो-लाइव्हनंतरचा पहिला मंथ-एंड : मायग्रेशन खात्यात उरलेले २,२६,३५०

३० एप्रिल २०२५, बुधवार

नव्या ईआरपीवरचा पहिला महिना आज संपतो आहे. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याचे जुने अकाउंटिंग सॉफ्टवेअर ३१ मार्चला थांबवले. ते आता फक्त पाहण्यापुरते उघडे आहे. १ एप्रिलपासून खरेदी, स्टोअर आणि हिशेब तिन्ही एकाच प्रणालीत चालतात. पूर्वी स्टोअरची जीआरएन नोंदवही, म्हणजे आलेल्या मालाच्या पोचपावत्यांची वही, वेगळ्या एक्सेलमध्ये होती आणि बिले हिशेब खात्यात स्वतंत्र चढत. जीआरएन आणि बिल यांना जोडणारा दुवा माणसांच्या लक्षात असायचा, नोंदीत नसायचा. पुढे जे सापडले त्याचे मूळ इथेच आहे.

उद्या सुट्टी. महिना बंद करण्याचे काम परवापासून. पहिल्या मंथ-एंडसाठी लेखापालांनी नेहमीच्या यादीत एक काम वाढवले आहे : मायग्रेशन कंट्रोल खाते शून्यावर आणणे, किंवा ते शून्यावर का येत नाही हे ओळीनिशी सांगणे.

२ मे, शुक्रवार

नेहमीच्या तपासण्या सकाळीच झाल्या. बँक रिकन्सिलिएशन रुपयाला रुपया जुळले. देणेकऱ्यांच्या यादीची बेरीज जनरल लेजरच्या खात्याशी जुळली. एजिंग रिपोर्टमध्ये एकाही पुरवठादाराकडे नावे बाकी नाही, म्हणजे कोणाला जास्त पैसे गेले असे दिसत नाही. थ्री-वे मॅचमध्ये अडकलेली बिले ४, चारही दराच्या किरकोळ फरकाची. एप्रिलचा नफा अंदाजाच्या जवळ आहे.

अडले फक्त मायग्रेशन खात्यात. शिल्लक २,२६,३५० नावे.

हे खाते कसे चालते ते लिहून ठेवतो, पुढच्या युनिटच्या गो-लाइव्हला लागेल. जुन्या हिशेबातली प्रत्येक यादी (देणेकरी, येणेकरी, स्टॉक, बँक, उचल, तरतुदी) नव्या प्रणालीत वेगवेगळी चढवली जाते. यादी चढताना तिची दुसरी बाजू या एका खात्यात पडते. सगळ्या याद्या मिळून ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स होतो, आणि तो जुळलेलाच असल्याने शेवटची यादी चढली की खाते शून्य व्हायला हवे. शून्य झाले नाही तर कोणती तरी यादी कमी, जास्त किंवा दोनदा चढली आहे.

गो-लाइव्हच्या सहीच्या दिवशीही ही रक्कम होती. तेव्हा ‘किरकोळ फरक, मंथ-एंडला पाहू’ असा शेरा मारून पुढे गेले. आज अंमलबजावणीच्या सल्लागारांनी सुचवले की रक्कम ‘ओपनिंग फरक’ म्हणून राखीव निधीत वळवावी म्हणजे महिना बंद करता येईल. लेखापालांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की हे खाते नावे आहे, म्हणजे आपण प्रणालीला देणे जास्त सांगितले आहे किंवा मत्ता कमी. जास्त सांगितलेले देणे कधी ना कधी कोणीतरी फेडतो. राखीव निधीत ढकलले तर ते फेडले गेले की नाही हे कळण्याची एकमेव जागा पुसली जाईल.

हा नकार नोंदवहीत राहिला पाहिजे. त्या दिवशी सगळे घाईत होते.

३ मे, शनिवार

लेखापालांनी बसून जुना ट्रायल बॅलन्स आणि मायग्रेशन खात्यात पडलेल्या नोंदी शीर्षावार समोरासमोर लावल्या. २,२६,३५० हा आकडा शोधायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. उरलेली रक्कम बहुधा दोन-तीन चुकांची वजाबाकी असते. ती तशीच्या तशी कुठल्याही व्हाउचरवर सापडत नाही. शोधायचे ते शीर्ष, रक्कम नव्हे.

देणेकरी : जुन्यात २१४ उघडी बिले, नव्यात २१४, बेरीज तीच. स्टॉक : ३१ मार्चच्या प्रत्यक्ष मोजणीवरून चढवला, जुळला. बँक जुळली. दोन शीर्षे जुळली नाहीत.

पहिले, कर्मचाऱ्यांची उचल. जुन्यात ८६,३५०, नव्यात १,००,०००. फरक १३,६५०. एका प्रवास उचलीची रक्कम कर्मचारीनिहाय यादीतही आली आणि लेजरच्या यादीतही. साधी दुबार नोंद. हिने मायग्रेशन खाते जमा बाजूला खेचले.

दुसरे, ‘माल आला, बिल बाकी’. माल स्टोअरमध्ये उतरला पण पुरवठादाराचे बिल हिशेबात आलेले नाही, असे देणे या खात्यात राहते. जुन्या हिशेबात ३१ मार्चला ९ जीआरएनची तरतूद होती, ६,१८,४००. नव्या प्रणालीत १० जीआरएन चढले, ८,५८,४००. फरक २,४०,०००.

२,४०,००० वजा १३,६५० म्हणजे २,२६,३५०. खाते उलगडले.

दहावा जीआरएन १७ मार्चचा. माल : पंपांचे मेकॅनिकल सील आणि सुटे भाग. पुरवठादार बेतोड्याचा. लेखापालांनी त्या पुरवठादाराचे नव्या प्रणालीतले लेजर उघडले. त्यात चारच ओळी. ओपनिंगचे बिल २,८३,२०० जमा. ११ एप्रिलला पेमेंट २,८३,२०० नावे. १६ एप्रिलला नवे बिल २,८३,२०० जमा. २५ एप्रिलला पेमेंट २,८३,२०० नावे. शिल्लक शून्य.

२,४०,००० वर १८ टक्के जीएसटी ४३,२००. बेरीज २,८३,२००. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास ही बेरीज झाली. लेखापालांनी बँकेच्या स्टेटमेंटवरून दोन्ही एनईएफटीचे यूटीआर उतरवून घेतले आणि मॅनेजरसाहेबांना फोन केला. ‘सर, एकाच बिलाचे पैसे दोनदा गेलेत असं दिसतंय. कागद सोमवारी पाहीन, तोवर खात्रीने म्हणत नाही. पण पुढच्या शुक्रवारची पेमेंटची यादी माझ्या सहीशिवाय बँकेत जाऊ नये.’ साहेबांनी लगेच होकार दिला.

कागद पाहण्याआधी आरोप न करण्याचा हा संयम योग्यच होता. एकाच पुरवठादाराची एकाच रकमेची दोन खरी बिले असू शकतात. सुट्या भागांचा ठरलेला सेट दोनदा मागवला तर रक्कम पैशापर्यंत सारखीच येते.

५ मे, सोमवार

सकाळी स्टोअरमध्ये. लेखापाल आणि स्टोअरकीपर यांनी फाइल मिळून उघडली.

‘बाब, ह्या सीलचा माल मार्चनंतर परत आला होता?’

‘नाही ताई. एकदाच. सतरा तारखेला टेम्पो आला, चार खोके. दुसरी डिलिव्हरी नाही. गेटच्या वहीत बघा.’

गेटच्या वहीत १७ मार्चची एकच नोंद आहे. मग १६ एप्रिलला चढलेल्या बिलाचा कागद काढला. बिल क्रमांक SF/24-25/0613, तारीख १३ मार्च. वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेले : DUPLICATE FOR TRANSPORTER. जुन्या हिशेबाच्या फाइलमधल्या कागदावरही तोच क्रमांक, तीच तारीख, आणि कोपऱ्यात ORIGINAL FOR RECIPIENT. मालाच्या पुरवठ्याचे जीएसटी बिल तीन प्रतींत काढायचे असते : मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी पुरवठादाराकडे. टेम्पोवाला आपली प्रत मालाबरोबर स्टोअरमध्ये ठेवून गेला होता. मूळ प्रत पुरवठादाराच्या माणसाने हिशेब खात्यात आणून दिली. एका बिलाचे दोन कागद दोन टेबलांवर पोचले, आणि दोन्ही खरे.

पुढचा क्रम कागदांवरून असा लागला.

१७ मार्चला माल आला. २० मार्चला मायग्रेशनसाठी स्टोअरने ‘बिल बाकी’ जीआरएनची पहिली यादी दिली. त्या दिवशी यादी बरोबर होती, कारण बिल तोवर हिशेबात चढले नव्हते. ते २४ मार्चला चढले, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर PUR/1146 म्हणून. ३१ मार्चला स्टोअरने यादी ताजी केली. ताजी केली म्हणजे २० तारखेनंतरचे नवे जीआरएन जोडले. मधल्या काळात ज्यांचे बिल चढले ते वजा करायला हवे होते. हिशेब खाते असे बिल चढले की फोनवर सांगत असे. या एका बिलाचा फोन राहिला.

म्हणून तोच माल दोन याद्यांतून प्रणालीत गेला : देणेकऱ्यांच्या यादीत २,८३,२०० चे उघडे बिल म्हणून, आणि ‘बिल बाकी’त २,४०,००० चा जीआरएन म्हणून. ११ एप्रिलला पहिले देणे फेडले, ते योग्यच होते. त्यानंतर स्टोअरने आपली बिल-बाकी फाइल रिकामी करताना वाहतूकदाराची प्रत जीआरएनला टाचून हिशेब खात्यात पाठवली. बिल चढवणाऱ्याने पीओ उघडला, जीआरएन बाकी दिसला. नग जुळले, दर जुळला. प्रणालीने हिरवी खूण दिली.

थ्री-वे मॅचवर सगळ्यांचा मोठा भरवसा होता, म्हणून हे नीट लिहितो. पीओ, जीआरएन आणि बिल जुळणे याचा अर्थ इतकाच की मागवलेला माल, आलेला माल आणि बिलातला माल एकच आहे. हेच बिल याआधी दुसऱ्या वाटेने येऊन गेले आहे का, हे ती तपासणी विचारतच नाही. पहिले बिल ओपनिंग म्हणून आले होते, त्याला ना पीओ जोडलेला ना जीआरएन. त्यामुळे पीओच्या नजरेत माल अजून बिलाविना पडून होता.

दुबार बिल ओळखणारी वेगळी तपासणी प्रणालीत आहे आणि चालूही आहे. ती पुरवठादार आणि त्याचा बिल क्रमांक ही जोडी आधी आली आहे का पाहते. पण मायग्रेशनच्या शीटमध्ये त्या रकान्यात पुरवठादाराच्या बिलाचा क्रमांक न भरता जुन्या सॉफ्टवेअरचा व्हाउचर क्रमांक भरला होता. खरा क्रमांक नॅरेशनमध्ये गेला. प्रणालीने PUR/1146 आणि SF/24-25/0613 यांची तुलना केली आणि दोन्ही वेगळे ठरवले. २१४ पैकी २१४ बिलांना हेच झाले आहे. म्हणजे जुन्या कुठल्याही बिलाबाबत ही तपासणी महिनाभर आंधळी होती.

घाई कुठून आली तेही सापडले. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला लघुउत्पादक आहे. अशा पुरवठादाराला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर आयकराच्या कलम ४३ब(ह) प्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येत नाही. माल १७ मार्चला स्वीकारला, म्हणजे मुदत १ मे. १८ एप्रिलला गुड फ्रायडे असल्याने त्या शुक्रवारी पेमेंट झाले नव्हते. २५ एप्रिलच्या यादीत हे बिल लाल रंगात सगळ्यात वर होते. ११ तारखेच्या पेमेंटवर सही करणारे आणि २५ च्या पेमेंटवर सही करणारे वेगळे होते. दोघांसमोर दोन वेगळे संदर्भ क्रमांक होते.

६ मे, मंगळवार

बाकीच्या तपासण्या का चुकल्या, हे लेखापालांनी मॅनेजरसाहेबांसमोर कागदावर मांडले. मांडणी छोटी आहे, तशीच ठेवतो.

दुसरे बिल चढताना नोंद अशी झाली : ‘बिल बाकी’ नावे २,४०,०००, सीजीएसटी नावे २१,६००, एसजीएसटी नावे २१,६००, पुरवठादार जमा २,८३,२००. इथे खर्चही नाही आणि स्टॉकही नाही. म्हणून नफा हलला नाही, मालाची मोजणीही हलली नाही. ‘बिल बाकी’ खाते या नोंदीने शून्याकडे गेले, म्हणजे उलट ते अधिक स्वच्छ दिसू लागले. पेमेंटने पुरवठादाराचे लेजर शून्य केले, म्हणून एजिंगमध्ये काही नाही. पैसे बँकेतून खरोखर गेले, म्हणून बँकही जुळली. गेलेल्या २,८३,२०० चे ओझे दोनच जागी बसले होते : मायग्रेशन खात्यात २,४०,००० आणि इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये ४३,२००. पहिली रक्कम राखीव निधीत गेली असती तर उरले असते फक्त ४३,२००, आणि तेही पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीआर-२बी ही यादी १४ तारखेला आल्यावर ‘पुस्तकात आहे, २बीमध्ये नाही’ अशा यादीत इतर पाच-पन्नास ओळींबरोबर.

साहेबांनी विचारले, ‘मग आता पेमेंटच रद्द करून टाकलं तर?’

‘नको सर. पैसे पंचवीसला गेलेत हे खरं आहे. ती नोंद काढली तर बँक जुळणार नाही. खोटं आहे ते बिल. बिल उलटवायचं.’

उलटवताना दोन अडथळे आले, दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे. पहिला : २५ एप्रिलचे पेमेंट त्या बिलाशी जुळवून बंद झालेले असल्याने प्रणाली बिल उलटवू देत नाही. आधी ती जुळणी सोडवावी लागते. सोडवल्यावर पेमेंट पुरवठादाराच्या नावावर मोकळे राहते, आणि तेच हवे आहे. दुसरा अडथळा जास्त धोक्याचा. जीआरएनवरचे बिल उलटवले की प्रणाली तो जीआरएन पुन्हा ‘बिल बाकी’ म्हणून उघडते. तसाच सोडला तर तिसऱ्यांदा बिल चढायला वाट मोकळी. म्हणून बिल उलटवल्याबरोबर त्याच बैठकीत जीआरएनची ओळ आणि पीओ हाताने बंद केले.

नोंदी ३० एप्रिलच्या तारखेने झाल्या, कारण एप्रिल अजून उघडा आहे. पहिली : पुरवठादार नावे २,८३,२००, ‘बिल बाकी’ जमा २,४०,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटी जमा प्रत्येकी २१,६००. दुसरी : ‘बिल बाकी’ नावे २,४०,०००, मायग्रेशन खाते जमा तितकेच. तिसरी : मायग्रेशन खाते नावे १३,६५०, कर्मचारी उचल जमा. मायग्रेशन खाते आता शून्य. पुरवठादाराकडे २,८३,२०० नावे दिसतात. ताळेबंदात ती देणेकऱ्यांतून वजा न करता येणे म्हणून वेगळी दाखवली आहे.

एप्रिलचे जीएसटीआर-३बी अजून भरायचे आहे, मुदत २० मे. त्यामुळे ४३,२०० चे दुबार क्रेडिट घेण्याआधीच पुस्तकातून निघाले. विवरण भरून झाल्यावर हे सापडले असते आणि क्रेडिट वापरले गेले असते, तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागले असते.

दुपारी पुरवठादाराच्या कार्यालयात फोन केला. आधी त्यांचे खाते-उतारे मागवले, मग बोलणे केले. हा क्रम बरा. आपण आधी रक्कम सांगितली की समोरचा तीच रक्कम शोधतो. त्यांच्या उताऱ्यात २५ एप्रिलची रक्कम ‘ऑन अकाउंट’ जमा आहे, कुठल्याही बिलासमोर नाही. त्यांनी लपवले नव्हते. पुढच्या मालाची आगाऊ रक्कम असेल असे त्यांनी धरले होते. पुढच्या बिलांत वळती करू असे त्यांनी सुचवले. त्यांच्याकडून आपली खरेदी महिन्याला साधारण सत्तर-ऐंशी हजारांची, म्हणजे वळती व्हायला चारेक महिने लागतील. शिवाय प्रत्येक बिलाला थोडी थोडी रक्कम तोडत बसणे म्हणजे नव्या प्रणालीत नव्या चुकांना निमंत्रण. परत पाठवा, असे ठरले. मालाच्या आगाऊ रकमेवर पुरवठादाराला जीएसटी भरावा लागत नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने क्रेडिट नोट वगैरे काही लागणार नाही. साधी बँकेतून परतफेड. दोन्ही यूटीआर आणि एकाच बिलाच्या दोन प्रती जोडून पत्र ई-मेलने गेले.

७ मे, बुधवार

एक सापडले म्हणजे एकच आहे असे नाही. आणि मायग्रेशन खाते शून्य झाले म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण ते फक्त याद्यांमधली दुबार सांगते. एखादे जुने बिल एप्रिलमध्ये पीओशिवाय, थेट खर्चाला टाकून पुन्हा चढले असेल तर मायग्रेशन खात्याला त्याचा स्पर्शही होत नाही.

म्हणून २१४ ओपनिंग बिले आणि एप्रिलमध्ये चढलेली १६२ बिले एका शीटमध्ये एकाखाली एक घेतली. बिल क्रमांकावर तुलना करता येत नाही, कारण ओपनिंगचे क्रमांक चुकीचे. पुरवठादाराच्या कोडवरही पुरेशी होत नाही. एकाच संस्थेचे गोव्यातले आणि महाराष्ट्रातले जीएसटी क्रमांक वेगळे असतात (30 आणि 27 ने सुरू होणारे) आणि मास्टरमध्ये त्यांचे दोन कोड आहेत. पण जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे पॅन. तो दोन्हीकडे एकच. म्हणून पॅन अधिक रक्कम ही जोडी धरली. B मध्ये जीएसटी क्रमांक, E मध्ये बिलाची एकूण रक्कम :

```
F2: =MID(B2,3,10)
G2: =COUNTIFS(F:F,F2,E:E,E2)
```

G मध्ये १ पेक्षा जास्त आलेल्या जोड्या ७. पाच खऱ्या निघाल्या : एसी आणि जनरेटरच्या देखभालीची, सुरक्षारक्षकांची अशी दर महिन्याला त्याच रकमेची बिले. कागद काढून तारखा पाहिल्या. सहावी आपली सीलची. सातवी नवी : वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनचे १७,७०० चे बिल. मार्चमध्ये जुन्या हिशेबात चढलेले, न फेडलेले, ओपनिंगमध्ये आलेले. पुरवठादाराने एप्रिलमध्ये आठवण म्हणून तेच बिल पीडीएफ करून ई-मेलने पाठवले आणि ते सेवेचे बिल म्हणून नव्याने चढले. पैसे गेलेले नाहीत. दुसरी नोंद आज उलटवली.

या चाळणीची मर्यादा नोंदवतो. रक्कम पैशापर्यंत सारखी असेल तरच जोडी सापडते. एका नोंदीत राउंड-ऑफ धरला आणि दुसऱ्यात नाही, किंवा एकीत टीडीएस वजा करून रक्कम घेतली, तर निसटते. म्हणून दुसऱ्या फेरीत रक्कम रुपयाला पूर्णांक करून आणि टीडीएस आधीची घेऊन पुन्हा चालवली. नवे काही निघाले नाही. ज्यांना जीएसटी क्रमांकच नाही असे लहान पुरवठादार, म्हणजे टेम्पोवाले, सुतार, पाण्याचे टँकर, त्यांची २३ बिले हाताने पाहिली. त्यांच्यात काही नाही.

८ मे, गुरुवार

ओपनिंगच्या २१४ बिलांपैकी १३१ अजून उघडी आहेत. लेखापाल आणि त्यांच्या सहकारी ताईंनी मूळ कागद काढून संदर्भाच्या रकान्यात खरा बिल क्रमांक भरायला घेतला. जुना व्हाउचर क्रमांक नॅरेशनमध्ये हलवला. फेडून झालेल्या ८३ बिलांचे क्रमांकही बदलत आहोत. बंद झालेल्या बिलाची दुसरी प्रतही येऊ शकते, सीलच्या बाबतीत तेच झाले.

क्रमांक जसा छापला तसाच भरायचा, हे भिंतीवर लावले आहे. प्रणाली SF/24-25/0613, SF-24-25-0613 आणि SF/24-25/613 यांना तीन वेगळी बिले समजते. तिरक्या-आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा शीटमध्ये काढून तुलना करता येते, पण क्रमांकाच्या मध्येच गळालेला शून्य त्याने पकडता येत नाही.

एक भोक मात्र संदर्भ दुरुस्त करूनही उरते. मार्चअखेरच्या आधी ज्यांचे पैसे देऊन झाले ती बिले नव्या प्रणालीत आलीच नाहीत, कारण मायग्रेशनमध्ये फक्त उघडी बिले येतात. फेब्रुवारीत फेडलेल्या बिलाची प्रत जूनमध्ये आली तर प्रणालीला ते पूर्ण नवे वाटेल. त्यासाठी जुन्या सॉफ्टवेअरमधून २०२४-२५ ची सगळी खरेदी बिले, पुरवठादाराच्या क्रमांकासह, एका शीटमध्ये काढली. १ एप्रिलपूर्वीच्या तारखेचे कोणतेही बिल चढवण्याआधी त्या शीटमध्ये शोधायचे आणि शोधल्याची सही कागदावर करायची. जुनी बिले येणे थांबेपर्यंत, निदान सप्टेंबरअखेर, हे चालेल.

स्टोअरकीपरांनी स्वतःहून सांगितले की वाहतूकदाराची प्रत आजपासून हिशेब खात्यात पाठवणार नाहीत. ती जीआरएनच्या फाइलमध्ये आडवी रेघ मारून राहील. बिल चढेल ते मूळ प्रतीवरूनच. मूळ प्रत हरवली असेल तर पुरवठादाराकडून तसे लिहून आणायचे.

१३ मे, मंगळवार

पुरवठादाराकडून एनईएफटी आली, २,८३,२००. बँक नावे, पुरवठादार जमा. लेजर शून्य.

१५ मे, गुरुवार

काल एप्रिलचे २बी आले. त्यात SF/24-25/0613 नाही. ते मार्चच्या २बीमध्ये होते आणि त्याचे क्रेडिट मार्चच्याच विवरणात घेतलेले आहे. आपल्या एप्रिलच्या पुस्तकातही आता ते नाही. एप्रिल आज दुपारी बंद केला.

दुसऱ्या युनिटचे गो-लाइव्ह १ जुलैला आहे. त्याच्या कटओव्हर शीटमध्ये आज दोन बदल झाले. ‘बिल बाकी’ यादी आणि उघड्या बिलांची यादी एकाच दिवशी, दोन्ही खाती समोरासमोर बसून काढायच्या आणि प्रत्येक जीआरएनसमोर ‘बिल चढले का’ हा रकाना हिशेब खात्याने भरायचा. मायग्रेशन खाते शून्य नसेल तर सहीचा कागदच छापायचा नाही, एवढेसे वाक्य लेखापालांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

ओपनिंगच्या तीन बिलांची मूळ प्रत अजून सापडलेली नाही, मिळून ४१,३०० रुपये. पेमेंट रोखले आहे. पुरवठादारांना पत्रे गेली.